नाकारलेला शोधनिबंध, दुसऱ्या जर्नलचा साचा

लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने परत पाठवलेला पेपर जामा या दुसऱ्या जर्नलला द्यायचा, तर विज्ञान तेच राहतं आणि बाकी बरंच काही बदलावं लागतं. हे काम कुठून आलं ते कळायला टाइपरायटरच्या काळात जावं लागतं.

त्या काळात प्रत्येक वैद्यकीय जर्नलची संदर्भसूची लिहिण्याची तऱ्हा वेगळी असे. कुठे संदर्भ आकड्यांनी, कुठे लेखकाच्या नावाने आणि सालाने. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, यावरही एकमत नव्हतं. पेपर नाकारला गेला की टायपिस्टला पूर्ण सूची पुन्हा बडवावी लागे. जानेवारी 1978 मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला अनौपचारिकपणे भेटले, ते या कटकटीवर उपाय काढायला. 1979 मध्ये त्यांचे सामाईक नियम छापून आले. संदर्भ मजकुरात येतील त्या क्रमाने आकड्यांत द्यायचे. त्यांची मांडणी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ठरवली. यात सहभागी झालेली जर्नलं अशा साच्यातला पेपर विचारात घेणार, मग छापताना हवे ते बदल स्वतः करणार. 'व्हँकुव्हर स्टाइल' ती हीच.

पेपराचा सांगाडा तोपर्यंत जवळपास एक झालाच होता. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा ही चौकट चार मोठ्या वैद्यकीय जर्नलांत 1940च्या दशकात दिसू लागली आणि 1980च्या दशकात मूळ संशोधनासाठी तीच एकमेव उरली. म्हणजे सांगाडाही एक, सूचीही एक. मग त्रास संपायला हवा होता.

तो गोषवाऱ्यातून परत आला. 1987 मध्ये अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये उपशीर्षकं असलेल्या गोषवाऱ्याचा प्रस्ताव आला. हेतू चांगला होता, वाचकाला अभ्यासाची रचना चटकन कळावी. पण पुढे जर्नलांनी उपशीर्षकं आपापल्या आवडीची घेतली, त्यात सारांशाच्या वेगळ्या चौकटी आल्या आणि शब्दमर्यादा तर आधीपासून ज्याची त्याची होती.

हातात एक औषध-चाचणी आहे असं समजा. लॅन्सेट यादृच्छिक चाचणीला 4500 शब्द देतं, जामा मूळ संशोधनाला 3000. दीड हजार शब्द काढायचे. नवखा लेखक चर्चेवर कात्री चालवतो. माझ्या मते आधी पद्धतींकडे पाहावं. जामा चाचणीचा प्रोटोकॉल पुरवणी म्हणून मागतंच, त्यामुळे भेटींचं वेळापत्रक, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे तपशील, दुय्यम विश्लेषणाची कारणमीमांसा तिकडे ढकलता येते. मात्र यादृच्छिक वाटणी कशी केली, ती कशी लपवली आणि नमुन्याचा आकार कसा ठरवला, हे मजकुरात राहायलाच हवं. चाचणीच्या पेपरात काय काय सांगायचं ते ठरवणाऱ्या कॉन्सॉर्टच्या यादीत ते मागितलेलं असतं. त्या यादीत प्रत्येक मुद्दा कुठल्या पानावर आहे तेही लिहावं लागतं. शब्द कापले की पानं सरकतात आणि जुनी यादी नव्या पेपराला चिकटवलेली लगेच पकडली जाते.

लॅन्सेटची 'रिसर्च इन कॉन्टेक्स्ट' चौकट जामाला नको असते. तिच्यातलं आधीच्या पुराव्याचं सार प्रस्तावनेत दोन-तीन वाक्यांत मुरवायचं. उलट जामाला 'की पॉइंट्स' हवेत: प्रश्न, निष्कर्ष, अर्थ, सगळं मिळून 75 ते 100 शब्दांत. गोषवाराही नव्याने मांडावा लागतो. लॅन्सेटची पाच उपशीर्षकं जातात आणि 'इम्पॉर्टन्स'पासून सुरू होणारी जामाची लांबलचक रांग येते, 350 शब्दांच्या आत.

एवढं करूनही पेपर कुठून आला ते लपत नाही. लॅन्सेट दशांश चिन्ह ओळीच्या मध्यावर देतं, 5.6 ऐवजी 5·6. मजकुरातले ठिपके लेखक शोधून बदलतो. आकृतीच्या अक्षावरचे, तक्त्याच्या तळटीपेतले विसरतो. गोषवाऱ्यात 'रिझल्ट्स'च्या जागी 'फाइंडिंग्ज' राहिलं तरी संपादकाला वास येतोच. संदर्भांचंही तसंच. सॉफ्टवेअर मजकुरातले आकडे आपोआप पुढेमागे करतं, पण तक्त्यात हाताने टाकलेला 23 तसाच राहतो आणि भलत्याच पेपराकडे बोट दाखवतो.

2011 मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशकाने 'युवर पेपर, युवर वे' ही पद्धत सुरू केली. पहिल्या सादरीकरणात संदर्भ कुठल्याही तऱ्हेचे चालतील, फक्त सगळीकडे एकसारखे हवेत; साच्यात बसवायचं ते पुढच्या फेरीत. व्हँकुव्हरच्या संपादकांना 33 वर्षांपूर्वी हवं होतं ते साधारण हेच. पण यामुळे सूचीचा त्रास हलका झाला, दीड हजार शब्दांचा नाही. 2019 मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये आलेल्या एका सर्वेक्षणात संशोधकांनी एका पेपराच्या फॉरमॅटिंगला लागणारा वेळ सांगितला, त्याचा मध्यक होता 14 तास.