वाव आणि फ्लटर: सूर दोन्हींत हलतो, पण इलाज वेगळा

जुन्या रेकॉर्डचा किंवा कॅसेटचा आवाज संगणकावर घेतला आणि सूर जागेवर राहत नसेल, तर आपण 'वाव-फ्लटर' असं एका दमात म्हणून मोकळे होतो. मूळ दोष एकच आहे: माध्यम एकसारख्या वेगानं सरकलं नाही. फरक आहे तो वेग किती भरभर बदलतो, यात. हे हेलकावे सेकंदाला साधारण पाच-सहापेक्षा कमी असले तर तो वाव. सूर चढतोय, उतरतोय हे कानाला सरळ कळतं. त्याहून जलद असेल तर फ्लटर. तिथे चढउतार वेगळे ऐकू येत नाहीत. आवाज थरथरतो, आणि आणखी जलद झालं की खरखरीत लागतो.

वाव दुरुस्त करणं सोपं का, हे पियानोच्या एका रेकॉर्डवरून बघू. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड एका फेरीला १.८ सेकंद घेते. हेलकावा बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल, तर संशय मधल्या भोकावर घ्यायचा. भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल आणि सुई केंद्रापासून १०० मिलिमीटरवर असेल, तर सूर ०.५ टक्का वर आणि तितकाच खाली जातो, म्हणजे दोन्हीकडे जवळपास ९ सेंट; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पियानोची पट्टी दाबल्यावर सूर हलत नाही, त्यामुळे लांबलेल्या स्वरात हे लपत नाही. स्पेक्ट्रोग्रामची विंडो 8192 ठेवा आणि २००० हर्ट्झच्या आसपासची एखादी रेघ बघा: ती १९९० ते २०१० यांमध्ये नागमोडी जाताना दिसेल. तोच वक्र उलटा करून फाइलचा वेग बदलला की स्वर सरळ होतो.

इथे वेगच बदलायचा, नुसता सूर नाही. लांबी कायम ठेवून सूर हलवणारं साधन वापरलं, तर सूर जागेवर येतो, पण ताल तसाच ओढलेला राहतो आणि वर त्या प्रक्रियेचा धातूसारखा आवाज चिकटतो.

एकच वक्र सबंध बाजूला लावला की मात्र घात होतो. सुई आत ६० मिलिमीटरवर पोचली की तेच भोक ०.८ टक्क्याहून जास्त हेलकावा देतं. शिवाय टर्नटेबल हजारात एक भाग जरी हळू फिरत असेल, तर ५०० फेऱ्यांनी, म्हणजे पंधरा मिनिटांत, आपला हिशोब अर्धी फेरी चुकतो. मग दुरुस्ती दोष मिटवण्याऐवजी दुप्पट करते. सुरुवात छान आणि शेवट बिघडलेला, असं झालं तर आधी हेच तपासा. दर दोन-तीन मिनिटांनी वक्र नव्याने जुळवणं कंटाळवाणं आहे, पण मला तेच भरवशाचं वाटतं. रेकॉर्ड हाताशी असेल तर ती नीट मध्यावर बसवून पुन्हा घेणं त्याहून चांगलं.

फ्लटरची गोष्ट निराळी. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. तिला ओढणारा कॅप्स्टन अडीच मिलिमीटर जाडीचा धरला, तर तो सेकंदाला सुमारे सहा वेळा फिरतो. त्याच्यावर टेपची पूड चिकटली किंवा तो किंचित वाकला, की आवाज सेकंदाला सहा वेळा हलतो. गायकाच्या आवाजातला कंपही नेमका ५ ते ७ च्या घरात असतो. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच दिसतात, आणि दुरुस्ती जोरात लावली तर गळ्यातला जीव जातो. ओळख एकच: फ्लटर सगळ्यांना एकदम हलवतो. गाण्यामागचा पियानोही त्याच तालात थरथरत असेल तर दोष टेपचा. पियानो स्थिर असेल तर कंप गायकाचा, त्याला हात लावू नका.

शिवाय हा दोष नीट दिसतही नाही. सहा हर्ट्झची हालचाल पकडायला विंडो लहान लागते, 2048 सारखी. पण तेवढ्या विंडोत ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये दोन शेजारच्या रेघांत २१ हर्ट्झचं अंतर पडतं, आणि १००० हर्ट्झवरचा ०.२ टक्क्यांचा फ्लटर फक्त दोन हर्ट्झचा असतो. विंडो मोठी केली तर हालचाल पुसली जाऊन मूळ रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघा उरतात. म्हणून आयझोटोपच्या RX मधलं Wow & Flutter किंवा सेलेमोनीचं Capstan वापरतानाही थोडाच भाग निवडायचा, दुरुस्ती हलकी ठेवायची आणि नीट ऐकायचं.

त्याआधी एक चाचणी करा. तोच तुकडा त्याच डेकवरून दोनदा घ्या आणि दोन्ही फाइल एकाखाली एक लावा. थरथर दर वेळी वेगळ्या जागी पडली तर ती तुमच्या डेकची आहे: कॅप्स्टन आणि पिंच रोलर पुसा, बेल्ट बघा, पुन्हा ट्रान्सफर करा. दोन्हीत अगदी त्याच जागी आली, तर ती टेपवरच उमटलेली आहे, आणि सॉफ्टवेअर उघडायचं ते तेव्हा.