परभणीचे ३१७, सूर्याचे ५७७२, आकाशाचे २.७२५: केल्विन मोजपट्टीची पार्श्वभूमी

मे महिन्यात परभणी किंवा नांदेडचा पारा ४४ वर गेला की बातम्यांमध्ये तुलना सुरू होतात. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी तिथेच २२ अंश असतात, मग मेच्या दुपारी उष्णता दुप्पट झाली असे म्हणता येईल का? नाही. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण. तिथे उष्णता संपत नाही. उष्णतेच्या खऱ्या तळापासून मोजले तर ते २२ अंश म्हणजे २९५ केल्विन आणि ४४ अंश म्हणजे ३१७ केल्विन. वाढ साडेसात टक्क्यांच्याही आत आहे. तरीही तापलेली भिंत त्या साडेसात टक्क्यांमुळे सुमारे एक तृतीयांश जास्त प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली ऊर्जा, बाहेर टाकते. ही एक तृतीयांश वाढ कुठून आली हे कळले की सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान माणसाने पृथ्वीवर बसून कसे काढले, तेही कळते.

तळ असावा ही शंका जुनी आहे. सन १७०० च्या सुमारास फ्रान्समध्ये गिलोम आमाँताँने बंद भांड्यातली हवा तापवून आणि थंड करून तिचा दाब मोजला. थंडी वाढत जाईल तसा दाब कमी होत होता. याच प्रमाणात तो घटत राहिला तर कुठेतरी शून्याला भिडेल, आणि त्यापुढे थंड होण्यासारखे काही उरणार नाही, असा तर्क त्यातून निघतो. पुढे गे-ल्युसॅक आणि रेन्यो यांच्या मोजमापांतून आकडा पक्का होत गेला. शून्य अंशावरचा वायू दर अंशामागे आपल्या आकारमानाच्या सुमारे १/२७३ इतका आकुंचन पावतो, म्हणजे हा तळ उणे २७३ च्या आसपास. प्रत्यक्षात कोणताही वायू तिथपर्यंत वायू राहत नाही, त्याआधीच त्याचे द्रव होते. त्यामुळे हा आकडा रेषा पुढे वाढवून काढलेला होता, कोणी तिथे पोहोचले नव्हते.

विल्यम थॉमसनला यातली वेगळीच गोष्ट खुपत होती. पाऱ्याचा तापमापक आणि हवेचा तापमापक मधल्या अंशांवर एकमेकांशी तंतोतंत जुळत नसत, कारण प्रत्येक पदार्थ आपापल्या रीतीने प्रसरण पावतो. मग खरे तापमान कोणते? १८४८ मध्ये त्याने कोणत्याही पदार्थावर अवलंबून नसलेली मोजपट्टी सुचवली. तिचा आधार होता उष्णतेवर चालणाऱ्या आदर्श इंजिनाचा सिद्धांत. उष्णता ही ऊर्जाच आहे हे दाखवणाऱ्या जूलच्या कामाशी सांगड घालून काही वर्षांत तिला आजचे रूप मिळाले. पुढे १८९२ मध्ये थॉमसन लॉर्ड केल्विन झाला. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीवरून त्याने ते नाव घेतले.

या पट्टीची खरी परीक्षा सूर्याने घेतली.

सूर्यापासून किती उष्णता येते हे क्लोद पुयेने १८३८ च्या सुमारास साध्या साधनाने मोजले. हा प्रयोग मराठवाड्यातल्या कोणत्याही गच्चीवर करता येतो. चपटी पत्र्याची डबी घ्यायची, तोंड दहा बाय दहा सेंटिमीटरचे. आत शंभर ग्रॅम पाणी आणि तापमापक. सूर्याकडे येणाऱ्या बाजूला काजळी फासायची आणि ती बाजू उन्हाला काटकोनात धरायची. एप्रिलमध्ये आकाश निरभ्र असेल तर भर दुपारी आपल्याकडे चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊर्जा पडते, म्हणजे आपल्या डबीच्या वाट्याला दहा वॅट. पाच मिनिटांत ३००० जूल. शंभर ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१९ जूल लागतात, तेव्हा पाणी सात अंशांनी तापायला हवे.

प्रत्यक्षात आकडा वेगळा येतो. चाळीस अंशांची हवा डबीला बाजूंनी तापवते, वारा असेल तर थंडही करते. पुयेने यावर तोड काढली होती. उन्हात पाच मिनिटे ठेवण्याआधी पाच मिनिटे आणि नंतर पाच मिनिटे तो साधन सावलीत ठेवायचा. सावलीतला चढउतार सूर्याचा नसतो, तो हवेचा असतो. त्या दोन्हींची सरासरी काढून उन्हातल्या वाढीत दुरुस्ती करायची. पद्धत साधी आहे, पण तिच्यावाचून मिळणारा आकडा सूर्याचा की वाऱ्याचा हे सांगता येत नाही. हवेत धुळीचा पडदा असेल तर दुरुस्तीनंतरही आकडा पडतो. म्हणून पुयेने सूर्य वेगवेगळ्या उंचीवर असताना मोजमापे घेतली आणि वातावरण नसते तर किती ऊर्जा आली असती याचा हिशोब केला. त्याचा आकडा आजच्या भाषेत चौरस मीटरला १२२८ वॅट होता. आज उपग्रहांवरून मिळणारा आकडा १३६१ आहे. काजळी फासलेल्या भांड्यासाठी ही जवळीक थक्क करणारी आहे.

सूर्य आपल्यापासून स्वतःच्या त्रिज्येच्या २१५ पट अंतरावर आहे. अंतर वाढते तशी ऊर्जा अंतराच्या वर्गाने पसरते. म्हणून १३६१ ला २१५ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे ४६ हजारांनी गुणले की सूर्याच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा मिळते: सव्वासहा कोटी वॅटच्या थोडी वर. इथपर्यंत कोणाचा फारसा वाद नव्हता. वाद पुढे होता. एवढी ऊर्जा बाहेर टाकणारी वस्तू किती तापलेली असेल?

पुयेने त्या काळी प्रचलित असलेला दुलाँ आणि पेती यांचा नियम वापरला. त्या नियमात तापमान थोडे वाढले तरी प्रारण झपाट्याने वाढते. उत्तर आले सुमारे १५०० ते १८०० अंश. न्यूटनच्या नियमात प्रारण तापमानातील फरकाच्या सरळ प्रमाणात वाढते. त्याच्या आधारे अँजेलो सेक्कीचा अंदाज लक्षावधी अंशांवर गेला. एकच सूर्य, जवळपास तीच मोजमापे, आणि उत्तरांमध्ये हजारो पटींची तफावत. चूक भांड्यात नव्हती, तापमान आणि प्रारण यांना जोडणारा नियमच चुकीचा होता.

व्हिएन्नाच्या जोसेफ स्टेफानने १८७९ मध्ये हा गुंता सोडवला. त्याच्यासमोर जॉन टिंडलचे एक मोजमाप होते. प्लॅटिनमची तार मंद लाल असताना आणि पांढरी प्रखर असताना टिंडलने तिचे प्रारण मोजले होते. ते ११.७ पट वाढले होते. या दोन अवस्थांची तापमाने ५२५ आणि १२०० अंश सेल्सिअस धरली जात. या दोन आकड्यांचा थेट भागाकार करून त्याचा चौथा घात घेतला तर २७ येतात, काही जुळत नाही. पण दोन्हींत २७३ मिळवा. ७९८ आणि १४७३. भागाकार १.८४६, आणि त्याचा चौथा घात ११.६. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, मात्र तापमान तळापासून मोजले तरच. सुरुवातीला म्हटलेली भिंतीची एक तृतीयांश वाढही इथूनच येते: ३१७ भागिले २९५, आणि त्याचा चौथा घात.

हे जुळणे काही प्रमाणात नशिबाचे होते हेही सांगायला हवे. प्लॅटिनम हा पडणारे सगळे प्रारण शोषणारा आदर्श काळा पदार्थ नाही आणि तारेची तापमाने अंदाजाने ठरवलेली होती. पण स्टेफानने इतर मोजमापेही तपासली, आणि १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्झमनने हाच नियम सिद्धांतातून मांडला. म्हणून तो टिकला.

सूर्यासाठी स्टेफानने स्विस संशोधक सोरेची मोजमापे घेतली. तापवलेला धातूचा पत्रा आकाशात सूर्य दिसतो तेवढाच दिसेल इतक्या अंतरावर ठेवला, तर त्याच्यापेक्षा सूर्याकडून २९ पट ऊर्जा येत होती. वाटेत वातावरण एक तृतीयांश ऊर्जा शोषते असे धरून ते २९ चे ४३.५ झाले. पत्र्याचे तापमान १९०० ते २००० अंश, म्हणजे मधला आकडा २२२३ केल्विन. ४३.५ चे चौथे मूळ २.५७. गुणाकार करा: सुमारे ५७०० केल्विन. आजचा स्वीकृत आकडा ५७७२ आहे. हा सूर्याच्या दिसणाऱ्या थराचा एकूण हिशोब आहे. सौर डागांमध्ये तापमान ४००० च्या आसपास उतरते, आणि बाहेरच्या प्रभामंडळात ते दहा लाखांच्या वर जाते. तिथला वायू इतका विरळ आहे की आकडा प्रचंड असूनही त्यात साठलेली उष्णता नगण्य असते.

मोजपट्टीचे दुसरे, थंड टोक सापडायला आणखी ८५ वर्षे लागली. १९६४ मध्ये अमेरिकेत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक कुरकुर येत होती, कुठेही रोखा, कोणत्याही ऋतूत. रेडिओ अभियंते अशी कुरकुर केल्विनमध्येच मोजतात: एवढी कुरकुर द्यायला वस्तू किती तापलेली असावी लागेल, हा तो आकडा. तुलनेसाठी त्यांनी द्रवरूप हेलियमने ४.२ केल्विनपर्यंत थंड केलेला स्रोत वापरला. आकाशाच्या माथ्यावर एकूण ६.७ केल्विन मिळाले. त्यातले २.३ वातावरणाचे, ०.९ अँटेनाचे आणि जमिनीचे. कबुतरांची विष्ठाही साफ करून झाली, पण ३.५ केल्विन उरलेच. हीच विश्वाच्या आरंभकाळातली, आता विरून थंड झालेली उष्णता. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाच्या मोजमापांतून तिचे तापमान २.७२५ केल्विन ठरले. सेल्सिअसमध्ये हा आकडा उणे २७०.४२५ लिहावा लागतो, आणि तळापासून आपण किती वर आहोत हे त्यात दिसत नाही.

सूर्याचा पृष्ठभाग या आकाशापेक्षा सुमारे २१०० पट तापलेला आहे. चौथा घात लावला की दर चौरस मीटरच्या प्रारणात वीस लाख कोटींची तफावत येते.

अंतराळ २.७ केल्विन असते असे सर्रास म्हटले जाते, पण ते तारकांपासून दूरच्या पोकळीला लागू आहे. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याच्या उन्हात एक काळा गोळा तरंगत ठेवला तर तो दोन तापमानांच्या मध्ये अडकतो. एका बाजूने तो चौरस मीटरला १३६१ वॅट घेतो आणि चारही दिशांनी परत टाकतो. हिशोब २७८ केल्विनवर थांबतो. म्हणजे ५ अंश सेल्सिअस, परभणीत कडाक्याच्या थंडीच्या पहाटे असते तेवढे.

एककाची व्याख्या मात्र बराच काळ पाण्याशीच बांधलेली होती. १९५४ मध्ये पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान, २७३.१६ केल्विन असे ठरवले गेले. नेहमीच्या तापमानांना ते चांगले लागू होते. पण ३ केल्विनवर किंवा हजारो केल्विनवर मोजायचे झाले की त्या एका खुणेपासून फार दूर जावे लागे आणि अनिश्चितता वाढत जाई. म्हणून २० मे २०१९ पासून केल्विन तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकावर आधारला गेला. त्याचे मूल्य १.३८०६४९ × १०⁻²³ जूल प्रति केल्विन असे कायमचे निश्चित केले आहे, आणि व्याख्येतून पाणी निघून गेले. त्रिक बिंदू आजही प्रयोगशाळेत वापरला जातो, फक्त आता त्याचे तापमान मोजून काढावे लागते.