सुईत दोरा, कपात चहा आणि दोन डोळ्यांची भागीदारी

आमच्या दुकानात येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "नंबर किती वाढला जी?" दोन्ही डोळे एकमेकांशी जुळवून घेतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं एकेका डोळ्याने वाचता येतात, म्हणून तक्ता ते सांगतही नाही. चहा ओतताना धार कपाच्या पलीकडे पडते, शेवटच्या पायरीवर पाय हवेत जातो, पोराला चेंडू झेलता येत नाही, तेव्हा कधी कधी नंबराबरोबर या भागीदारीतही गडबड असते. ती घरबसल्या कशी ताडायची, ते या पत्रकात सांगितलं आहे. सामान म्हणून दोन पेन्सिली, दोरा, लहानसा दगड आणि एक काळा गॉगल एवढं पुरे. घरातल्या शाळकरी पोरांना हाताशी घ्या. हे प्रयोग त्यांनाच जास्त आवडतात.

अंगठा का उडी मारतो

अंगणात उभे राहा. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि तो समोरच्या विजेच्या खांबाच्या रेषेत आणा. आता एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा खांबाच्या इकडून तिकडे उडी मारेल. उजव्या डोळ्याने पाहिला की तो डावीकडे सरकलेला दिसतो आणि डाव्याने पाहिला की उजवीकडे. अंगठा नाकाजवळ आणा, उडी मोठी होते.

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. तेवढ्या अंतरामुळे दोन डोळ्यांना दोन जरा वेगळी चित्रं मिळतात. त्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू वस्तूची खोली काढतो. हे चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवून दिलं. त्याने दोन आरशांच्या साहाय्याने प्रत्येक डोळ्यासमोर एकेक सपाट रेखाचित्र धरलं. ती दोन्ही चित्रं मिळून पाहणाऱ्याला एक भरीव आकृती दिसली.

ही किमया जवळच्या कामात जबरदस्त चालते आणि लांब गेलं की भराभर ढिली पडते. अंतर दुप्पट झालं की खोली ओळखण्यातली चूक चौपट होते. निरोगी जोडीचा अंदाजे हिशोब असा: अर्ध्या मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचाही मागेपुढेपणा कळतो, म्हणून सुईत दोरा ओवता येतो. तीच जोडी ५ मीटरवर साधारण ४ सेंटिमीटरचा फरक ओळखते. ५० मीटरवर तर दोन वस्तू एकमेकींपासून ४ मीटर मागेपुढे असल्या तरच या पद्धतीने फरक लागतो. म्हणजे धुऱ्यापलीकडच्या बाभळीचं अंतर सांगायला दोन डोळ्यांची जोडी फारशी उपयोगाची नाही. तिथे दुसरंच काही काम करतं.

एका डोळ्याने शेत पाहा

एक डोळा हाताने झाका आणि पऱ्हाटीच्या शेतात नजर टाका. शेत सपाट होत नाही. तासं दूर जाता जाता एकमेकांजवळ येतात. जवळची बोंडं एकेक मोजता येतात, पलीकडची नुसती पांढरी रेघ होते. पुढचं झाड मागच्या झाडाला झाकतं. दूरची बंडी लहान दिसते, पण बंडी केवढी असते ते ठाऊक असल्यामुळे ती लांब आहे हे कळतं. यातलं काहीच दोन डोळ्यांवर अवलंबून नाही. चित्रकार सपाट कागदावर खोली दाखवतो ती याच खुणांनी.

आणखी एक खूण आहे आणि ती चित्रकाराच्या हातात नाही. डोळा झाकलेलाच ठेवून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. जवळचं झाड उलट्या दिशेने झटकन सरकतं, दूरचं जवळजवळ जागेवर राहतं. एसटीच्या खिडकीतून तारेचे खांब पळतात आणि डोंगर आपल्याबरोबर चालतो, तोच हा प्रकार. एक डोळा गेलेली माणसं काही महिन्यांत ट्रॅक्टर, गुरं, विहीर सगळं सांभाळायला लागतात ती याच्या आधारावर. सवयीने ती डोकं जरा जास्त हलवतात.

या खुणा फसवतातही. हिवाळ्यात सकाळी धुवारी पडली की समोरची गाडी फिकट होते. फिकट म्हणजे लांब, ही मेंदूची पक्की सवय आहे. त्यामुळे गाडी असते त्याहून दूर वाटते. रब्बीच्या दिवसांत पहाटे निघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

दोन पेन्सिलींची परीक्षा

ही परीक्षा डोळ्यांच्या तपासणीतही वापरतात. एकाने समोर बसून पेन्सिल उभी धरायची, बोथट टोक वर. ते टोक तुमच्या डोळ्यांच्या उंचीला आणि हातभर अंतरावर हवं. तुम्ही दुसरी पेन्सिल उलटी धरून वरून झटकन खाली आणायची आणि बोथट टोकावर बोथट टोक टेकवायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून दहा वेळा करा, मग एक डोळा झाकून दहा वेळा. प्रत्येक वेळी समोरच्याने पेन्सिलीची जागा थोडी बदलायची, नाहीतर हात पाठांतर करतो.

एक डोळा झाकल्यावर चुकलेली पेन्सिल बाजूला जात नाही. ती अलीकडे किंवा पलीकडे पडते, कारण हरवलेली असते ती खोली. पोरं इथे दोन प्रकारे चोरी करतात. एक तर डोकं हलवून घेतात, नाहीतर पेन्सिल हळूहळू सरकवत जागा शोधतात. दोन्ही बंद करा, नाहीतर एका डोळ्यानेही दहापैकी आठ सहज लागतात.

मागच्या वर्षी एक बाप चौथीतल्या पोरीला घेऊन आला. तक्रार साधी होती. "पोरगी चेंडू झेलतच नाही, हात आधी मिटवते." शाळेत फळा नीट वाचायची, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. पेन्सिलींच्या परीक्षेत दोन्ही डोळ्यांनी चार लागल्या आणि डावा झाकूनही चारच. फरकच पडला नाही. आमच्या दृष्टीने ही खूण महत्त्वाची, कारण झाकलेला डोळा आधीपासूनच कामात नव्हता. नंबर पाहिला तर उजवा डोळा स्वच्छ आणि डाव्याला +३.५०, तोही कधीच न घातलेला. चित्र कायम धूसर आल्यामुळे मेंदूने डाव्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. लोक याला आळशी डोळा म्हणतात.

नुसता चष्मा देऊन हे भागत नाही, म्हणून तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी चष्म्याबरोबर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली. सहा महिन्यांनी डाव्या डोळ्याची नजर बरीच सुधारली होती आणि पेन्सिली दहापैकी सात लागल्या. पूर्ण दहा कदाचित कधीच लागणार नाहीत. सात-आठ वर्षांच्या आत पकडलं असतं तर आशा जास्त होती. पट्टी किती वेळ आणि कोणत्या डोळ्यावर, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. शेजारच्या पोराची पट्टी पाहून घरी सुरू करू नका.

सरळ झोका गोल कसा फिरतो

हा आमचा आवडता प्रयोग. दाराच्या चौकटीला मीटरभर दोरा बांधून दगड टांगा. दोन मीटर लांब उभे राहा आणि दगडाला डावी-उजवीकडे, मधून प्रत्येक बाजूला वीतभर जाईल असा झोका द्यायला सांगा. आधी साध्या डोळ्यांनी तो सरळ रेषेत झुलतो याची खात्री करा. मग गॉगलची एकच काच उजव्या डोळ्यासमोर धरा, दोन्ही डोळे उघडेच ठेवा आणि पाच-दहा सेकंद थांबा. दगड गोल फिरताना दिसेल. काच डाव्या डोळ्यासमोर नेली की फेरा उलटा होतो. दुकानात एका आजोबांनी हे पाहिलं आणि ओरडले, "बापा, हे तं गोल फिरून रायलं!"

कारण असं. कमी उजेड मिळालेल्या डोळ्याचा निरोप मेंदूकडे किंचित उशिरा पोचतो. समजा, सेकंदाच्या शंभराव्या भागाने. झोक्याच्या मध्याला दगड तेवढ्या वेळात सात-आठ मिलिमीटर सरकतो. दगड उजवीकडे जात असताना काच लावलेल्या उजव्या डोळ्याला तो अजून मागे, म्हणजे डावीकडे दिसतो. आता अंगठा आठवा: उजव्या डोळ्याला जे डावीकडे दिसतं ते जवळचं. म्हणून दगड उजवीकडे जाताना पुढे आल्यासारखा आणि परत येताना मागे गेल्यासारखा वाटतो. सात-आठ मिलिमीटरचा हा खोटा फरक दोन मीटरवर चांगला वीतभर खोल दिसतो.

कार्ल पुलफ्रिश या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ साली याचा खुलासा प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला एकाच डोळ्याने दिसत होतं, त्यामुळे हा फेरा त्यांना पाहता येत नव्हता.

फेरा दिसला नाही तर आधी काच पुरेशी गडद आहे का ते बघा. खोली अंधारी नको. तरीही दिसला नाही आणि पेन्सिलीही लागत नसल्या, तर तपासणी करून घ्या. आणि काच न लावताच दगड गोल फिरताना दिसला, तर मात्र लगेच. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल किंवा डोळ्याच्या शिरेला सूज असेल, तर कधी कधी हीच खूण मिळते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू राहिला, अशी माणसं आमच्याकडे बरीच येतात. त्यांची कपात ओतण्याची तक्रार घरच्यांनी म्हातारपणावर ढकलू नये.

नवा चष्मा आणि जुनी पायरी

दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला की चष्म्यातून दोन चित्रांचा आकारही वेगळा होतो. मग पहिले काही दिवस जमीन तिरपी किंवा खोल वाटते. आठवडाभर चष्मा सतत घातल्यावरही तसंच वाटलं, तर चष्मा कपाटात टाकू नका, परत आणा. दोन भागांच्या काचेचा खालचा भाग वाचायला असतो. त्यातून पायरी धूसर आणि सरकलेली दिसते. ओटा उतरताना मान खाली घालून वरच्या भागातून बघा.

दुकानाच्या मागच्या दाराला दोरा आणि दगड कायम टांगलेला आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तपासणीला येताना जुना चष्मा सोबत आणा, तुटका असला तरी चालेल. त्यावरून दोन्ही डोळ्यांतला फरक कधीपासून आहे, याचा अंदाज येतो.