राजीनाम्यामागचं कारण आणि सांगणाऱ्याचं नाव : एक्झिट इंटरव्ह्यूच्या गोषवाऱ्याची पार्श्वभूमी

नोकरी सोडणाऱ्याशी निघताना जी मुलाखत होते ती एक्झिट इंटरव्ह्यू, आणि अशा अनेक मुलाखतींतली कारणं नावं न सांगता मांडणारा अहवाल म्हणजे तिचा गोषवारा. डेट्रॉईटजवळच्या फोर्ड कारखान्यात 1913 साली साधारण 14,000 माणसं कामावर टिकवण्यासाठी वर्षभरात 52,000हून अधिक माणसं भरती करावी लागली. त्या मार्चमध्ये कारखाना सोडलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोकांनी रीतसर राजीनामा दिलाच नव्हता. सलग पाच दिवस ते आले नाहीत, म्हणून त्यांची नावं पटावरून कापली गेली. किती गेले हे कंपनीला माहीत होतं, पण का गेले हे त्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये माणसं सोडून जाण्याचा हिशेब याच सुमारास मांडला जाऊ लागला, आणि 1919 साली सम्नर स्लिक्टर या अर्थतज्ज्ञाचा त्यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर प्रश्न मुख्यतः खर्चाचा होता : नवा माणूस शिकवायला किती पैसे जातात, एवढाच.

ऐकून घेण्याची पद्धत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात आकाराला आली. तिथे 1928 ते 1930 या काळात 21,000हून अधिक मुलाखती झाल्या. त्या नोकरी सोडणाऱ्यांच्या नव्हत्या, कामावर असलेल्यांच्या होत्या. तरी आजच्या गोषवाऱ्याचे दोन धागे तिथूनच आले आहेत, असं मी मानते. पहिला धागा असा की मुलाखतीच्या नोंदीतून नाव काढायचं, आणि मग बोलणं विषयवार लावायचं : मजुरी, उजेड, मुकादम, सुट्ट्या. दुसरा धागा जास्त खोल आहे. एक कामगार मजुरीचा दर फार कमी असल्याचं सांगत होता. बोलता बोलता कळलं की त्याची बायको इस्पितळात आहे आणि डॉक्टरांच्या बिलांनी तो धास्तावला आहे. म्हणजे तक्रारीचा विषय एक आणि तिचं मूळ दुसरं. गोषवारा लिहिणाऱ्यासमोर तिढा इथेच उभा राहतो. ‘मजुरी’ एवढंच लिहिलं तर अर्थ निसटतो, आणि इस्पितळाचा उल्लेख केला तर शेजारच्या बाकावरचा माणूससुद्धा सांगेल की हा कोण.

निघताना सांगितलेलं कारण खरं असतं का, ही शंका पुढे अभ्यासकांनी तपासली. लेफ्कोविट्झ आणि कॅट्झ यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निघताना दिलेली कारणं आणि नंतर प्रश्नावलीतून आलेली कारणं ताडून पाहिली. दोन्हींत बरंच अंतर निघालं. आपल्याकडे त्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. रिलीव्हिंग लेटर हातात पडायचं असतं, फुल अँड फायनलचा हिशेब व्हायचा असतो, पुढची कंपनी जुन्या साहेबांना फोन करणार असते. अशा वेळी ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ आणि ‘पर्सनल रीझन’ ही दोन उत्तरं सगळ्यात सुरक्षित ठरतात. आधी बोललेल्या कुणाचं बोलणं साहेबांपर्यंत पोचलं अशी कुणकुण लागली, की नंतरचे सगळे हीच दोन उत्तरं देतात. गुप्तता पाळली नाही तर नुकसान त्या एकाच माणसाचं होत नाही, पुढची सगळी माहितीच पोकळ होते.

नाव खोडलं की काम झालं, हा समज मोडायला मात्र बराच काळ लागला, आणि तो मोडला आरोग्याच्या नोंदींमुळे. 1990च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये नावं काढून दिलेल्या नोंदींतून संगणकशास्त्राच्या अभ्यासक लटान्या स्वीनी यांनी तिथल्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड या तीन गोष्टी मतदारयादीशी जुळवून त्यांनी ते केलं. पुढे 2002 साली त्यांनी ‘के-अनामिकता’ ही कल्पना सविस्तर मांडली : प्रत्येक नोंद तिच्यासारख्याच किमान ठरावीक संख्येच्या नोंदींत मिसळलेली असली पाहिजे. कंपनीत पिन कोडची जागा विभाग, हुद्दा, नोकरीची वर्षं आणि शेवटचा महिना घेतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चाकणमधल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यातून सहा महिन्यांत 31 जण गेले. असेंब्लीतून 14, डिझाइनमधून 12, क्वालिटीतून 3, स्टोअर्समधून 2. पाचपेक्षा लहान आकडा दाखवायचा नाही असं ठरलेलं आहे, म्हणून क्वालिटी आणि स्टोअर्स एकत्र केले. ‘वरिष्ठांचं वागणं’ हे कारण एकूण 7 जणांनी दिलं : असेंब्लीतले 5, क्वालिटीतले 2. आता अहवालात एकूण 7, असेंब्लीचे 5 आणि डिझाइनचा शून्य असं छापलं, तर झाकलेला 2 साध्या वजाबाकीनं उघडा पडतो. क्वालिटीतून गेलेच तिघे, तेव्हा साहेब नावं सहज जुळवतील. मी इथे असेंब्लीचा आकडा ठेवीन, या कारणाची एकूण बेरीज देणार नाही, आणि डिझाइन, क्वालिटी, स्टोअर्स मिळून बाकीच्या 17 जणांच्या तक्त्यात ते ‘इतर’मध्ये घालीन. क्वालिटीतल्या दोघांचं म्हणणं त्यामुळे या अहवालात दिसणार नाही. हे नुकसान खरं आहे. पुढच्या सहामाहीत संख्या वाढली तर वर्षाचा एकत्र तक्ता करता येतो, पण तेव्हाही आधीचा अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी करून पाहायची.

दुसरा सापळा एकमताचा आहे. एका सुपरवायझरच्या हाताखालून पाच जण गेले आणि पाचही जणांनी त्याचंच वागणं सांगितलं, तर पाचाची मर्यादा पाळूनही कुणी काय म्हटलं ते उघडच होतं. 14 पैकी 5 असतील, तर कोणते पाच हे कळत नाही.

आकडे सांभाळले तरी शब्द राहतात. अहवालात जिवंतपणा यावा म्हणून अवतरणं घालायची मोठी हौस असते. ‘मले कोणी इचारलंच नाही, शिफ्ट बदलून टाकली’ हे वाक्य जसंच्या तसं छापलं, तर पुण्याकडच्या टीममधला एकटा वऱ्हाडी मुलगा लगेच ओळखू येतो. ‘बाळंतपणाच्या रजेवरून आले आणि नाइट शिफ्ट लागली’ यात तर नावाची गरजच उरत नाही. दोन्ही वाक्यांचा गाभा एकच आहे : न विचारता शिफ्ट बदलली. आणखी काहींनीही तेच सांगितलं असेल, तर अहवालात तेवढंच आपल्या शब्दांत लिहायचं. लिहून झाल्यावर स्वतःला त्या विभागाचा मॅनेजर समजून मजकूर वाचायचा. कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तर ते वाक्य काढायचं.

काही बोलणं मात्र गोषवाऱ्यात मिसळून चालतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997च्या विशाखा निकालानंतर 2013 साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्याच्या कलम 16 नं तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करायला मनाई केली. पण माझ्या दृष्टीनं इथे कलम 9 अधिक महत्त्वाचं आहे. तक्रार लेखी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. निघताना एखादीनं असं काही सांगितलं आणि ते ‘वरिष्ठांचं वागणं’ या रकान्यात जाऊन बसलं, तर सहामाही अहवाल टेबलावर येईपर्यंत तिची मुदत संपलेली असू शकते. म्हणून मुलाखत घेणाऱ्यानं त्याच बैठकीत तिला अंतर्गत समिती, लेखी तक्रार आणि मुदत या तिन्ही गोष्टी सांगायच्या, हवी असेल तर लिहायला मदत करायची, आणि ते बोलणं तक्त्याबाहेर ठेवायचं.