परिषदेत निबंधवाचनाची वेळ कशी मिळते : अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि कार्यक्रमपत्रिका

महाविद्यालयातल्या परिषदेला अर्ज करताना सगळे फी आणि गोषवाऱ्याची शेवटची तारीख विचारतात. आपला निबंध किती वाजता आणि कोणत्या खोलीत वाचायचा, याची चौकशी सहसा आदल्या दिवशी सुरू होते. तोवर कार्यक्रमपत्रिका छापून झालेली असते, आणि एकच नाव एकाच वेळी दोन खोल्यांत लागलं असेल तर नोंदणीच्या टेबलावर वाद होतात. असा घोळ टाळायला लागणारी माहिती अर्जदाराकडेच असते, ती अर्जातच घ्यावी लागते.

परभणीतल्या एका महाविद्यालयात मराठवाड्यातला दुष्काळ आणि पाणी या विषयावर एकदिवसीय परिषद आहे, असं धरून चालू.

अर्ज कोणी करायचा, सोबत काय जोडायचं

प्राध्यापक, पीएच.डी.चे संशोधक विद्यार्थी आणि पदव्युत्तर विद्यार्थी निबंध वाचू शकतात. एका निबंधाचे तीन लेखक असले तरी वाचणारा एकच, आणि अर्जात त्याच्या नावापुढे तशी खूण हवी. ही खूण नसली की आयोजक तिघांचीही नावं त्या वेळेला अडकवून ठेवतात आणि विनाकारण अडचण होते.

अर्जासोबत साधारण तीनशे शब्दांचा गोषवारा, निबंध अप्रकाशित असल्याचं स्वघोषणापत्र आणि यूटीआर क्रमांक दिसेल अशी फीची पावती लागते. प्राध्यापकांनी प्राचार्यांचं परवानगीपत्र जोडावं; पुढे कर्तव्यरजेसाठी तेच उपयोगी पडतं. संशोधक विद्यार्थ्यांनी पीएच.डी. नोंदणीचं पत्र आणि गोषवाऱ्यावर मार्गदर्शकांची सही द्यावी. निमंत्रित वक्त्यांकडून फी घेत नाहीत. त्यांच्याकडून मानधन आणि प्रवासखर्चासाठी पॅनकार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश घेतात.

माझ्या मते अर्जात आणखी दोन रकाने असायलाच हवेत. एक, या परिषदेत तुम्ही आणखी कोणती जबाबदारी घेतली आहे? सत्राध्यक्ष, परीक्षक, सूत्रसंचालक, जे असेल ते. दोन, किती वाजेपर्यंत पोहोचाल आणि किती वाजता निघावं लागेल? बीड किंवा धाराशिवहून सकाळी एसटीने येणाऱ्याला बाराचं सत्र जमेलच असं नाही, आणि त्याने कळवलं नाही तर आयोजकांना ते समजायला मार्ग नसतो.

जागा किती आहेत

समांतर सत्र दीड तासाचं. एका निबंधाला बारा मिनिटं वाचनाला आणि तीन मिनिटं प्रश्नांना, म्हणजे पंधरा मिनिटं. हिशेबाने सहा निबंध बसतात, पण शेवटची पंधरा मिनिटं सत्राध्यक्षांच्या समारोपाची, म्हणून पाचच घ्यायचे. तीन खोल्या आणि दोन सत्रं मिळून तीस निबंध होतात. चौतीस अर्ज पात्र ठरले तर चार जणांना भित्तिपत्रक मांडायला सांगावं. सगळ्यांना दहा-दहा मिनिटांत बसवलं की प्रश्नोत्तरं बुडतात.

| वेळ | मुख्य सभागृह | सेमिनार हॉल | भूगोल विभाग |
|---|---|---|---|
| १०:०० ते ११:०० | उद्घाटन | – | – |
| ११:०० ते ११:४५ | बीजभाषण | – | – |
| ११:४५ ते १२:०० | चहा | चहा | चहा |
| १२:०० ते १:३० | सत्र १ : सिंचन | सत्र १ : भूजल | सत्र १ : पीकपद्धती |
| १:३० ते २:१५ | जेवण | जेवण | जेवण |
| २:१५ ते ३:४५ | सत्र २ : सिंचन | सत्र २ : भूजल | सत्र २ : स्थलांतर |
| ३:४५ ते ४:०० | चहा | चहा | चहा |
| ४:०० ते ४:४५ | समारोप | – | – |

इथे खोल्यांची टक्कर होत नाही, हे नजरेनेच कळतं. खरी अडचण माणसांची असते, आणि ती या तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी माणसांची वेगळी यादी करावी लागते. प्रत्येक व्यक्तीच्या प्रत्येक जबाबदारीला एक ओळ द्यायची. एका बाई सत्राध्यक्ष आहेत आणि निबंधही वाचणार आहेत, तर त्यांच्या दोन ओळी.

एक्सेलमध्ये ए रकान्यात सुरुवात, बीमध्ये शेवट आणि सीमध्ये व्यक्तीचा क्रमांक घ्यावा. पहिलं सुरू होण्याची वेळ दुसरं संपण्याच्या आधीची असेल आणि दुसरं सुरू होण्याची वेळ पहिलं संपण्याच्या आधीची असेल, तर दोन वेळा एकमेकींवर येतात. हीच कसोटी डी रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून खाली अशी घालावी:

```
=SUMPRODUCT(($C$2:$C$80=C2)*($A$2:$A$80<B2)*($B$2:$B$80>A2))
```

उत्तर १ आलं तर ती ओळ फक्त स्वतःशीच जुळली, म्हणजे ठीक. २ किंवा जास्त आलं तर ती व्यक्ती एकाच वेळी दोन ठिकाणी लागली आहे.

सूत्र बरोबर असूनही टक्कर नजरेतून निसटू शकते, आणि त्याची कारणं बहुधा भरलेल्या माहितीत सापडतात. दुपारचे सव्वादोन 2:15 असे लिहिले तर एक्सेल ते पहाटेचे धरतं, म्हणून 14:15 लिहावं. वेळ रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसली तर ती बहुधा मजकूर म्हणून नोंदली गेली आहे, आणि तुलना फसते. नावाऐवजी क्रमांक घ्यायचा तो याचसाठी : कुणी ‘डॉ. देशमुख’ लिहितं, कुणी ‘देशमुख मॅडम’, आणि एक्सेलच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती होतात.

एक टक्कर सोडवून पाहू

समजा नांदेडच्या एक प्राध्यापिका सेमिनार हॉलमधल्या सत्र १ च्या अध्यक्ष आहेत, १२:०० ते १:३०. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा त्यांचा निबंध मुख्य सभागृहात १२:३० ते १२:४५ ला लागला आहे. दोन्ही ओळींपुढे २ दिसतो. अध्यक्ष बदलणं अवघड, कारण निमंत्रणपत्र गेलेलं असतं. म्हणून निबंध हलवायचा. सिंचनाचं दुसरं सत्र २:१५ ला आहे. तिथे लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने आणलेल्या पाण्यावरचा एका विद्यार्थ्याचा निबंध पहिला आहे. तो विद्यार्थी सकाळीच येणार आहे आणि त्याच्याकडे दुसरी जबाबदारी नाही, म्हणून दोघांच्या वेळा अदलाबदल करता येतात.

अदलाबदल झाली की डी रकाना पुन्हा वरपासून खाली बघायचा, कारण एक टक्कर मिटवताना दुसरी उभी राहू शकते. एक गोष्ट मात्र सूत्राला कळत नाही : उत्कृष्ट निबंधाचं बक्षीस असेल तर स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या सत्राचं अध्यक्षपद मार्गदर्शकाला देऊ नये. हे समितीने मार्गदर्शकांची नावं हाताने तपासूनच बघायचं.

वेळ बदलून हवी असेल तर

पत्रिका छपाईला जाण्याआधी समन्वयकांना ईमेलने लेखी कळवावं. त्यात अर्ज क्रमांक, सध्याची वेळ आणि अडचण एवढंच पुरे. ‘दुपारनंतर कधीही चालेल’ असं लिहिलंत तर काम लवकर होतं. ‘३:१५ च हवी’ म्हटलं तर सहसा होत नाही. छपाईनंतर बदल हवा असेल तर दुसऱ्या वाचकाची लेखी संमती आणि दोन्ही सत्राध्यक्षांचा होकार लागतो. सत्राध्यक्षांना परस्पर सांगून खोली बदलू नये, कारण वाचनाची नोंद जुन्या खोलीच्या हजेरीपत्रकात राहते आणि प्रमाणपत्र अडकतं.

परिषदेच्या दिवशी उशीर होतो तो बहुतेक उद्घाटनात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मनोगतं यांत अर्धा तास सहज जातो. अशा वेळी तिन्ही खोल्यांची सत्रं एकदमच अर्धा तास पुढे ढकलावीत आणि जेवणाची वेळही तेवढीच सरकवावी. एका खोलीने परस्पर पुढेमागे केलं तर कागदावर मिटवलेल्या टकरी पुन्हा उभ्या राहतात. नवी वेळ तिन्ही दारांवर लावावी, आणि सत्राध्यक्षांना प्रत्यक्ष जाऊन सांगावी.