थेंब घालूनही नंबर वाढला, मग उपयोग काय झाला?

मागच्या एप्रिलमध्ये देवगड भागातली एक आई मुलीला घेऊन तपासणीला आली होती. मुलगी नऊ पूर्ण, नंबर वाढायचा वेग कमी करणारे अॅट्रोपिनचे थेंब वर्षभर रोज रात्री न चुकता घातलेले. नंबर काढला तर मायनस २.५० चा मायनस ३ झालेला. आईचा चेहराच पडला. "मॅडम, एक दिवस खाडा नाही केला हो, तरी वाढलाच ना?" मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी येतो आणि दर वेळी वाटतं की हे थेंब सुरू करायच्या दिवशीच आपण नीट बोलायला हवं होतं.

तर आधी हे की मायनस नंबर म्हणजे डोळा लांब झालेला असतो. जन्मताना बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी साडेतेवीस-चोवीसवर थांबतो. काही मुलांत तो थांबतच नाही, वाढत राहतो, मग प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि फळ्यावरचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे अंदाजे अडीच नंबर. आणि लांब झालेला डोळा परत आखूड होत नाही, म्हणून थेंबांनी, काचेने, कशानेही नंबर उतरणार नाही, फक्त वाढायचा वेग कमी होतो, एवढंच मागायचं असतं आणि एवढंच मिळतं.

आता या मुलीचा हिशोब बघा. आठव्या वर्षी मायनस १.५० होता, उपचार काही नाही, वर्षात २.५० झाला, म्हणजे वर्षाला एक नंबर. तेव्हा डॉक्टरांनी ०.०५ टक्के अॅट्रोपिन सुरू केलं आणि डोळ्याची लांबी मशीनवर मोजली, २४.१० मिलिमीटर आली. सहा महिन्यांनी २४.२२, वर्षाने २४.३१. म्हणजे वर्षात ०.२१ मिलिमीटर वाढ, अर्धा नंबर. हाँगकाँगमध्ये मुलांवर मोठा अभ्यास झाला होता, त्यात औषध नसलेल्या साध्या थेंबांवरच्या मुलांचा नंबर वर्षात सरासरी ०.८१ वाढला, ०.०५ वाल्यांचा ०.२७ आणि ०.०१ वाल्यांचा ०.५९. लांबी साध्या थेंबांवर ०.४१ मिलिमीटर वाढली, ०.०५ वर ०.२०. त्या शेजारी ठेवलं तर आपल्या मुलीचं ०.२१ चांगलंच आहे. वय वाढलं की वेग आपोआप थोडा कमी होतो त्यामुळे सगळं श्रेय थेंबांना देणार नाही, पण नववं वर्ष म्हणजे वेगाचंच वय, नुसतं वयावर सोडलं असतं तर नंबर सव्वातीन-साडेतीनला गेला असता असं मला वाटतं.

लांबी मोजायचा आग्रह मी याचसाठी धरते. नंबर फसवू शकतो. मूल जवळ बघायला डोळ्यावर ताण देतं तोच ताण तपासताना राहिला की खोटा मायनस जास्त येतो, म्हणून मुलांचा नंबर डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून, ताण सैल करूनच काढावा. दुकानात कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत आलेल्या आकड्याची गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करू नका. लांबी मोजायचं मशीन आपल्याकडे गावोगावी नाही, पण दर सहा महिन्यांनी एकाच ठिकाणी मोजून घ्यायला एक फेरी पडली तरी चालेल.

थेंबांच्या बाबतीत एक गोष्ट काळजीने सांगते. अॅट्रोपिन १ टक्क्याचंही मिळतं, ते दुसऱ्या कामासाठी असतं आणि ०.०१ च्या शंभर पट कडक असतं. एका घरी बाटली संपली म्हणून वडिलांनी नुसतं नाव सांगून दुसरी आणली, ती १ टक्क्याची निघाली. दुसऱ्या दिवशी पोराला उन्हात डोळे उघडवेनात, वहीतलं अक्षर दिसेना, बाहुल्या टपोऱ्या झालेल्या, आणि ते उतरायला आठवडाभर गेला. त्यामुळे औषधाच्या दुकानात रिकामी बाटली बरोबर न्या, टक्के वाचून घ्या. नवीन बाटली फोडली की त्यावर पेनाने तारीख टाका, महिन्याने टाकून द्या. ०.०५ ने सुद्धा बाहुली थोडी मोठी होते, पहिल्या काही दिवसांत उन्हाची तिरीप लागते, टोपी घाला. आणि मनाने एकदम बंद करू नका, बंद केल्यावर नंबर उसळी मारून पुढे धावतो, डोस जितका जास्त तितकी उसळी जास्त, आणि लहान वयात थांबवलं तर आणखीच.

वर्षाअखेर डॉक्टरांनी या मुलीला खास काच पण जोडायला सांगितली. या काचेत मधला छोटा गोल भाग नेहमीच्या नंबरचा असतो आणि भोवती शेकडो बारीक भिंगं असतात, त्यांच्यामुळे काही प्रकाश पडद्याच्या अलीकडे जमतो आणि डोळ्याला वाढ थांबवायचा इशारा मिळतो असं मानतात. साध्या काचेपेक्षा बरीच महाग पडते. पण ती काम करते ती डोळा मधल्या गोलातून बघत असेल तर, आणि आपल्याकडे घामाने, दमटपणाने फ्रेम सारखी नाकावरून खाली येते. तिची आली तेव्हा मी फ्रेम लावून वाचायला बसवलं, दहा मिनिटांत चष्मा नाकाच्या मध्यावर, म्हणजे ती वरच्या भिंगांतूनच वाचत होती. कानामागची दांडी वाकवून घेतली, मागे पट्टी लावली, मग जमलं. पहिला आठवडा कडेला धूसर वाटतं, सवय होते. चष्मा मात्र दिवसभर हवा. तिची आजी म्हणायची, "सारखो चष्मो घातलो की नंबर वाढता." उलट आहे आजी, कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिलेल्या अभ्यासात नंबर कमी झाला नाहीच, वाढच जास्त झाली.

आणि बाहेर खेळणं. त्याने लागलेला नंबर थांबतो असा एक गैरसमज आहे. लागलेला नंबर रोखायला बाहेरच्या उजेडाचा उपयोग थोडाच होतो, नंबर लागूच नये म्हणून मात्र चांगला होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तीन वर्षांत १०० मधल्या ४० जणांऐवजी ३० जणांना नंबर लागला. कारण उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात, वर्गात ३०० ते ५०० लक्स असतो, आपल्या जुन्या घराच्या माजघरात त्याहून कमी, आणि खळ्यात उन्हात दहा हजारांच्या वर. भर उजेडात पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि डोळ्याची वाढ आवरते, असं दिसतं. पावसाळ्यात चार महिने काय करायचं हे सगळे विचारतात, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार लक्स असतो, पाऊस उघडला की बाहेर, नाहीतर अभ्यास आतल्या खोलीतून उचलून पडवीत.

म्हणून मी त्या आईला धाकट्याबद्दल विचारलं. सहा वर्षांचा, चष्मा नाही, सगळं स्वच्छ दिसतं. त्याच्याही डोळ्यात औषध घालून बघितलं तर प्लस ०.५० निघाला. या वयाला डोळा अजून थोडा आखूड, म्हणजे ०.७५ पेक्षा जास्त प्लस शिल्लक हवा, कमी असेल तर पुढे मायनस लागायची शक्यता जास्त, त्यात बहिणीला आहेच. त्याला थेंब नाहीत, चष्मा नाही, फक्त रोज दोन तास बाहेर आणि सहा महिन्यांनी परत तपासणी. आईने ताईच्या फाईलमध्येच त्याचा कागद लावला, ऑक्टोबरची तारीख घेतली.