चिठ्ठीबरहुकूम औषध आणि बरोबर औषध: ट्रेनीची परीक्षा घेताना होणारी गल्लत

डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला २०२०च्या नियमावलीनुसार किमान ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते संपताना त्याच्या अचूकतेवर शेरा मारायची वेळ येते, आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात मोजल्या जातात. पहिली म्हणजे चिठ्ठीत जे लिहिलंय तेच हातात पडलं का. दुसरी म्हणजे जे लिहिलंय ते या रुग्णासाठी योग्य आहे का, हे ट्रेनीने पाहिलं का. पहिलीत पैकीच्या पैकी गुण घेणारा ट्रेनी दुसरीत साफ नापास असू शकतो, म्हणून पहिलीला पहिला आणि दुसरीला दुसरा असे वेगळे रकाने हवेत.

एक चिठ्ठी घेऊ. संधिवाताची पंचावन्न वर्षांची बाई. टॅब मेथोट्रेक्सेट २.५ मिग्रॅ, ३ गोळ्या ओडी, ४ आठवडे. खाली टॅब फॉलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण संधिवातात मेथोट्रेक्सेट तोंडाने देतात ते आठवड्यातून एकदा. रोज दिलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवही जाऊ शकतो. आठवड्याला एकदा लिहायच्या ऐवजी हाताच्या सवयीने ओडी लिहिलं गेलेलं असतं.

हीच चिठ्ठी तीन ट्रेनींना दिली तर काय घडतं ते बघा.

पहिला शब्दशः चालतो. ३ गुणिले २८, म्हणजे ८४ गोळ्या. दहाच्या स्ट्रिपा आठ, वर चार गोळ्या कापून. लेबलवर ‘रोज ३ गोळ्या’. नाव, ताकद, संख्या, सूचना सगळं चिठ्ठीशी जुळतं. नुसती जुळवाजुळव करणाऱ्या तपासणीत याला पूर्ण गुण मिळतात, आणि रुग्णाच्या हातात महिन्याला ३० ऐवजी २१० मिग्रॅ जातात, म्हणजे सातपट.

दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आठवड्याचं असतं हे माहीत आहे. तो कोणाला न विचारता १२ गोळ्या काढतो आणि लेबलवर आठवड्यातून एकदा लिहून मोकळा होतो. पिशवीतलं औषध योगायोगाने बरोबर. त्याला शाबासकी द्यायचा मोह होतो, पण देऊ नका. त्याने डॉक्टरांच्या संमतीशिवाय चिठ्ठी बदलली, आणि तसा अधिकार कोणालाच नाही, फार्मासिस्टलाही नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या औषधाच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकेल तेव्हाही तो याच आत्मविश्वासाने बदल करेल.

तिसरा थांबतो. चिठ्ठी आणि दोन्ही आकडे घेऊन फार्मासिस्टकडे जातो: “सर, ओडी लिहिलंय, ८४ गोळ्या होतात. पण खाली फॉलिक अ‍ॅसिड आठवड्याचं आहे, मेथोट्रेक्सेटही आठवड्याचंच असेल तर १२ होतात.” फार्मासिस्ट डॉक्टरांना फोन करतात, दुरुस्ती चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि कोणाशी बोलणं झालं यासह लिहितात. मग १२ गोळ्या निघतात. चूक पकडणं म्हणतात ते एवढंच आहे: संशय यावा, त्याचं कारण सांगता यावं, आणि ठरवणाऱ्याकडे जाता यावं. संशय आला पण ‘डॉक्टरांनीच लिहिलंय ना’ म्हणून गप्प बसला, तर ते न पकडल्यातच जमा.

आपण सगळ्यात जास्त ज्याच्यावर भर देऊ ते हे: तिसरा कोणत्या टप्प्यावर थांबला, याची नोंद ठेवा. वाचतानाच थांबला तर औषधाचं ज्ञान आहे. गोळ्या मोजताना, ८४चा ढीग बघून थांबला तर ज्ञान कच्चं आहे, पण नजर जागी आहे. समुपदेशन करताना थांबला असेल, तर मधली सगळी गाळणी फुकट गेली. मात्र तिथे थांबणंही मोलाचं असतं. “डॉक्टरांनी हे कसं घ्यायला सांगितलंय, ताई?” असा प्रश्न विचारला की बाई स्वतःच म्हणतात, “सोमवारची गोळी ना ती?” आणि घोळ उघडा पडतो. त्याऐवजी “समजलं ना?” विचारलं की उत्तर नेहमी “हो” येतं. म्हणून समुपदेशनाचे गुण ट्रेनी किती बोलला यावर देऊ नका. रुग्णाने आपल्या शब्दांत परत सांगितलं का, तेवढं बघा.

लेबल हे पहिल्या रकान्याचं काम वाटतं, पण मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तिथेही दोन्ही गोष्टी भेटतात. ‘आठवड्याला ३ गोळ्या’ हे दुरुस्त चिठ्ठीशी जुळतं, तरी कोणी ते सोम-बुध-शुक्र एकेक असं वाचेल. ‘दर सोमवारी ३ गोळ्या एकदम, बाकी दिवस नाही’ असं हवं, आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या पाकिटावर वेगळा वार. दोन्ही गोळ्या अनेक कंपन्यांच्या लहान आणि पिवळट असतात, एका पाकिटात घातल्या की संपलं. बारा गोळ्यांत एक अखंड स्ट्रिप आणि दोन कापलेल्या. त्या तुकड्यावर बॅच आणि एक्स्पायरी राहतेच असं नाही, म्हणून ती पाकिटावर हाताने लिहिली का ते तपासा.

अशी परीक्षा रोजच्या गिऱ्हाइकांवर होणार नाही, कारण खऱ्या चिठ्ठ्यांत चूक केव्हा येईल ते सांगता येत नाही. शांत वेळी वीस चिठ्ठ्या बनवा, रुग्णाच्या जागी सहकारी उभा करा. त्यातल्या तीन-चारांत चूक पेरा. मेथोट्रेक्सेट एक. दुसरी, आठ किलोच्या बाळासाठी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स ५ मिली. १०० मिग्रॅ प्रति मिलीच्या ड्रॉप्समध्ये ते ५०० मिग्रॅ होतात, आणि वजनानुसार एका वेळची मात्रा साधारण १२० मिग्रॅ. इथे सिरपचं माप ड्रॉप्सना लागलेलं असतं. आणखी एक, आधीपासून मेथोट्रेक्सेट चालू असलेल्याला को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे एकत्र न द्यायची जोडी.

पण एक-दोन अशाही टाका ज्या विचित्र दिसतात आणि बरोबर असतात, उदाहरणार्थ दर काही दिवसांनी कमी होत जाणारं प्रेडनिसोलोन. दर चिठ्ठीवर थांबणारा ट्रेनी सगळ्या चुका पकडतो, आणि तरी त्याचं काही ठरवता येत नाही. काउंटरवर लवकरच त्याच्या शंकांकडे कोणी लक्ष देणार नाही. खोट्या शंका वेगळ्या मोजा.

गुण देताना दोन रकान्यांची सरासरी काढू नका. पहिल्या रकान्यात एका चिठ्ठीतली एकही विसंगती, मग ती ताकद असो वा संख्या, ती चिठ्ठी गेली. ‘आठपैकी सात बरोबर’ असं म्हणायला रुग्णाच्या हातात आठवा भाग वेगळा जात नाही. फार्मासिस्टला देण्याआधी ट्रेनीने स्वतः पकडून बदललेली चुकीची स्ट्रिप मात्र दोष धरू नका, फक्त टिपून ठेवा. त्याच दोन नावांत तो पुन्हा पुन्हा अडखळत असेल तर त्यावरून कळतं. दुसऱ्या रकान्यात पेरलेल्या चुका किती पकडल्या, कुठल्या टप्प्यावर, आणि पुढे कोणाकडे नेल्या. मेथोट्रेक्सेटसारखी एकच चूक सुटली असेल, तर बाकी एकोणीस चिठ्ठ्या निर्दोष असूनही तो ट्रेनी अजून कोणाच्या नजरेशिवाय काउंटरवर उभा राहायला तयार नाही, आणि शेऱ्यात तेच लिहा: ‘पहिला रकाना १९/१९, मेथोट्रेक्सेट सुटलं, पुन्हा तपासा.’